पहिल्या परिपाठातली सहा मिनिटं

मुख्याध्यापकपदी पदोन्नतीचा आदेश हातात पडला तेव्हा सगळ्यांनी चार्ज, कॅशबुक, पोषण आहार, यू-डायस याबद्दल भरभरून सल्ले दिले. पहिल्या दिवशी परिपाठाला उभं राहून काय बोलायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मला भीती होती ती त्याचीच. तेवीस वर्षं वर्गात बोलले, पण मुलं, त्यांचे आईबाप आणि माझ्याबरोबर काम करणारे शिक्षक असे तिघे एकदम समोर आहेत आणि मी कोण ते सांगायचंय, असा प्रसंग कधी आला नव्हता. माझ्यासारख्या आणखी कुणाला यातून जायचं असेल तर उपयोग व्हावा, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

मी २००२ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना तीन हजार मानधनावर. तीन वर्षांनी उपशिक्षक झाले. २०२५ साली अंतिम ज्येष्ठता यादीत नाव वर आलं आणि ५ जूनला समुपदेशनाला बोलावणं आलं. समुपदेशन म्हणजे रिक्त शाळांची यादी पडद्यावर लावतात, ज्येष्ठतेनं एकेकाला बोलावतात आणि समोर उरलेल्यांतली एक शाळा निवडायची. माझी पाळी येईपर्यंत घराजवळच्या दोन्ही शाळा गेल्या होत्या. मी खानापूर तालुक्यातली, विट्यापासून चौदा किलोमीटरवरची पहिली ते सातवीची शाळा घेतली. पट २१२, शिक्षक सात. मुख्याध्यापकाचं पद दीड वर्ष रिकामं होतं आणि तिथले सर्वांत जुने गुरुजी प्रभारी म्हणून शाळा चालवत होते.

१० जूनला आदेश मिळाला, ११ ला जुन्या शाळेतून कार्यमुक्त झाले आणि १२ ला गुरुवारी नव्या शाळेत हजर अहवाल दिला. शाळा सोमवारी, १६ जूनला उघडणार होती. हाताशी फक्त शुक्रवार आणि शनिवार. हजर झाल्यावर मुलं येण्यापूर्वीचे किमान दोन दिवस मिळतील असं बघा. मला ते नसते मिळाले तर खाली सांगते त्या सगळ्या चुका परिपाठातच झाल्या असत्या.

भाषण मी आधीच लिहून ठेवलं होतं. दोन पानं. सुरुवातीला सरपंच, उपसरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, सदस्य, पोलीस पाटील, ग्रामस्थ, पालक, शिक्षकवृंद आणि शेवटी 'विद्यार्थी मित्रांनो'. मग माझं शिक्षण, सेवा, मिळालेले पुरस्कार, मग शाळेविषयीचे संकल्प. गुरुवारी रात्री शेजारच्या दुसरीतल्या मुलीला समोर बसवून मोठ्यानं वाचलं आणि मोबाईलवर वेळ लावली. अकरा मिनिटं झाली. तिसऱ्या मिनिटाला ती चटईची दोरी उसवायला लागली होती. वाचून झाल्यावर विचारलं, काही विचारायचंय का? ती म्हणाली, "तुम्ही मारता का?"

दोन पानांत याचं उत्तर कुठंच नव्हतं. बाईंचं नाव काय, त्यांना आम्ही काय हाक मारायची, त्या रागीट आहेत का, खेळू देतात का, मारतात का, हेच पहिलीतल्या पोराला नव्या बाईंबद्दल हवं असतं. पुरस्कारांचा परिच्छेद त्याच रात्री काढला. गावाला ते हळूहळू कळतं, नाही कळलं तरी अडत नाही.

वेळेचा हिशेबही तेव्हाच मांडला. आमचा परिपाठ वीस मिनिटांचा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, त्यानंतर राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना. त्या दिवशी प्रवेशोत्सव असल्यानं पहिलीच्या मुलांना फुलं आणि पुस्तकंही द्यायची होती. सुविचार, बातम्या, दिनविशेष आणि बोधकथा त्या दिवसापुरती वगळली तरी माझ्या वाट्याला सहा मिनिटं उरत होती. सहा मिनिटांत पाहुण्यांच्या नावांची यादी वाचायची तर दीड मिनिट तिच्यातच जातं. म्हणून ठरवलं की पाहुण्यांची नावं सूत्रसंचालन करणारे सर घेतील आणि मी थेट मुलांपासून सुरुवात करीन. पण हे न सांगता केलं तर माणसं दुखावतात. शनिवारी संध्याकाळी समितीच्या अध्यक्षांच्या घरी गेले, चहा घेतला आणि सांगितलं की परवा मी तुमचं नाव घेऊन सुरुवात करणार नाही, मुलांपासून करीन. ते म्हणाले, "बाई, पोरांचीच शाळा हाय की." सरपंचांना फोन केला. दहा मिनिटांचं काम होतं.

आता मुख्य गोष्ट. शुक्रवारी शिक्षकांची बैठक घेतली. चार्ज यादीवर सह्या सुरू होत्या, जनरल रजिस्टर, जडसंग्रह नोंदवही, तांदळाची पोती मोजणं, सगळं चाललं होतं. दुपारी डबे झाल्यावर मी माझं कापून लहान केलेलं भाषण प्रभारी गुरुजींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ अशी होती: 'आजपासून या शाळेत तुम्हाला कोणीही मारणार नाही.' दुसरीतल्या मुलीच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणून ती मला फार आवडली होती.

गुरुजी म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं छडी कवाच कपाटात गेली. तुम्ही 'आजपासून' म्हणालात की पालकांना वाटंल, परवापर्यंत आम्ही मारत होतो."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला चटका बसला. ते वाक्य मी मुलांना सांगत होते, ऐकणार मात्र तिघे होते. मुलांना तो धीर वाटला असता, पालकांना आरोप वाटला असता आणि शिक्षकांना चारचौघांत दिलेली ताकीद वाटली असती. दीड वर्ष शाळा सांभाळलेल्या माणसाला मी पहिल्याच दिवशी गावासमोर खाली मान घालायला लावली असती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, ते शिक्षकांना ठाऊकच असतं. ते परिपाठात नव्यानं जाहीर करण्यासारखं काही नव्हतंच.

मग त्या खोलीत बसून आम्ही सगळ्या भाषणाचं एकेक वाक्य तिघांच्या कानांनी वाचलं. प्रत्येक वाक्यापुढं तीन रकाने केले: मूल काय ऐकेल, पालक काय ऐकेल, शिक्षक काय ऐकेल. हे मी कुठं शिकले नव्हते, गुरुजींच्या त्या एका बोटामुळं सुचलं.

'उद्यापासून शाळा बरोबर साडेदहाला भरेल.' मुलाला यात काहीच विशेष नाही, पण पालक ऐकणार की आजवर उशिरा भरत होती आणि शिक्षक ऐकणार की बाई घड्याळ लावणार. त्याऐवजी मी स्वतःबद्दल बोलायचं ठरवलं: मी रोज सव्वादहाला फाटकाजवळ असेन. यात कुणावर बोट नाही आणि शाळेची वेळही कळते.

दुसरं वाक्य हजेरीचं. 'मागच्या वर्षी काही मुलं महिनोन्‌महिने शाळेत नव्हती, यंदा तसं चालणार नाही.' पालकांना ठणकावण्यासाठी लिहिलं होतं. पहिलीच्या बाई म्हणाल्या, "अशी मुलं अकराच आहेत मॅडम. तुम्ही हे म्हणताच सगळ्या माना त्यांच्याकडं वळतील." या भागात मेंढपाळांची कुटुंबं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. काहींचे बाप सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात दूरदूरच्या राज्यांत आहेत, ती मुलं वर्षाच्या मध्येच येतात, मध्येच जातात. दोष बापाचा नाही आणि मुलाचा तर नाहीच. ते वाक्य पूर्ण खोडलं. हजेरीबद्दल पालकांशी बोलायचं तर त्यांच्या ओसरीवर जाऊन, एकेकट्याशी बोलायचं, असं ठरलं.

'आपल्या शाळेला आपण जिल्ह्यात पहिली आणू' हेही गेलं. मुलाला जिल्हा म्हणजे काय ते कळत नाही, पालकाला ते निवडणुकीतल्या आश्वासनासारखं वाटतं आणि शिक्षकाला नव्या नोंदवह्या आणि अहवाल दिसायला लागतात.

आदल्या गुरुजींचे आभार कसे मानायचे, यावर मी बराच वेळ घालवला. मोठे शब्द वापरले तर खोटे वाटतात, एका ओळीत उरकलं तर उपेक्षा वाटते. शेवटी मुलांना कळेल अशी एक ठोस गोष्ट शोधली. व्हरांड्यातल्या भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा गुरुजींनी स्वतः रंगवला होता. त्याच्याबद्दल बोलायचं ठरलं.

शनिवारी जागा पाहिली. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, मैदानावर चिखल होता. परिपाठ पत्र्याच्या शेडमध्ये घ्यायचा होता. पाऊस आला तर पत्र्याखाली माणसाचा आवाज चालत नाही आणि पाऊस आला की वीज जाते. विट्यातल्या मंडपवाल्याकडून बॅटरीवर चालणारा स्पीकर आणि माईक एका दिवसाला चारशे रुपये भाड्यानं आणला. पहिलीत नव्यानं आलेल्या सव्वीस मुलांसाठी गुलाबाची फुलं, त्याचे दोनशे साठ. दोन्ही खर्च मी खिशातून केले, कारण समितीच्या खात्यावर अजून माझी सही गेली नव्हती. ही सही पुढं मला महागात पडणार होती.

सोमवारी सकाळी नऊपासून पालक येऊ लागले. पावणेदहाला वीज गेली. सव्वादहाला पाऊस सुरू झाला, बारीक, पण पत्र्यावर त्याचा तडतडाट होताच. मुलं इयत्तेप्रमाणं बसली, सर्वांत पुढं पहिलीची. पालक मागं आणि बाजूनं उभे, बऱ्याच आया कडेवर लहान घेऊन. राष्ट्रगीत झालं, राज्यगीत, प्रतिज्ञा झाली, फुलं झाली. माझं नाव पुकारलं.

मी माईक हातात घेऊन "बाळांनो" म्हणाले आणि पुढच्या ओळीतली तीन मुलं एकदम रडायला लागली. स्पीकर त्यांच्यापासून पाच-सहा फुटांवर होता, तोंड त्यांच्याकडं करून. घरून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या मुलावर एवढा आवाज आदळला तर ते रडणारच. मी माईक बंद केला, तर मागून एक आजोबा म्हणाले, "ऐकू येत नाय बाई." मागच्यांना माईक हवा होता आणि पुढच्यांना नको होता. आमच्या सरांनी झटकन स्पीकर उचलून शेडच्या मागच्या टोकाला, पालकांच्या पाठीशी नेऊन ठेवला. मी ओळींच्या मध्ये येऊन उभी राहिले आणि हळू आवाजात बोलले. पुढच्यांना माझा आवाज ऐकू येत होता, मागच्यांना स्पीकरचा. मिनिटभर यात गेलं. स्पीकर नेहमी मागं ठेवा, आणि आदल्या दिवशी कुणाला तरी मांडी घालून पुढच्या ओळीत बसवून आवाज तपासा. मी उभं राहून तपासला होता.

मी जे बोलले ते जवळजवळ असं:

"बाळांनो, मी तुमची नवी मोठी बाई. मला नुसतं 'बाई' म्हटलं तरी चालेल. मी तासगाव तालुक्यातल्या एका लहान गावात शिकले, अशाच पत्र्याच्या शाळेत. मला गणित शिकवायला आवडतं आणि लंगडी खेळायला आवडायचं, आता गुडघा दुखतो, पण बघायला नक्की येईन. मी रोज सव्वादहाला फाटकाजवळ उभी असेन. कुणाला काही सांगायचं असलं तर तिथं सांगायचं.

"तो नकाशा बघा. तो गुरुजींनी काढलाय. मी परवा त्यात माझं गाव शोधलं. उद्या तुम्ही मला तुमच्या मामाचं गाव दाखवायचं. गुरुजींनी मला सांगितलं, की आपल्या शाळेत छडी कपाटात असते आणि कपाटाला कुलूप असतं. मला ते फार आवडलं. ती तिथंच राहील.

"काही जण रानात राहून आलेत, काही लांबच्या गावाहून आलेत. तुम्ही आलात, बरं झालं. तुम्ही काय काय पाहिलंत ते मला ऐकायचंय.

"आई-बाबांनो, आजी-आजोबांनो, मला भेटायला चिठ्ठी लागत नाही. रोज दुपारी चार ते पाच मी ऑफिसात असेन. जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून कुणी मुलाला घरी ठेवू नका. मूल आज वर्गात बसेल, कागद मागून येतील."

गुरुजींचा उल्लेख आला तेव्हा पालकांतल्या दोघा-तिघांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. गुरुजी नकाशाकडंच बघत होते. शिक्षकांशी मी वेगळं काहीच बोलले नाही. त्यांच्याशी बोलणं शुक्रवारी झालं होतं. परिपाठात त्यांना उद्देशून काढलेलं प्रत्येक वाक्य पालकांसमोर काढलेलं असतं, म्हणून तिथं त्यांच्याशी न बोलणंच मला बरं वाटतं.

दाखल्याचं वाक्य मुद्दाम ठेवलं होतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही. पण कागद नाही म्हणून माणसं शाळेच्या दारापर्यंतच येत नाहीत. परिपाठ संपल्यावर एक आजी आल्या, सोबत चौथीच्या वयाचा नातू. मुलगा आणि सून गलाईच्या दुकानापायी तमिळनाडूत, पोरगं यंदापासून आजीकडं. दाखला तिकडून यायचा होता. आजी नुसत्या विचारायला म्हणून आल्या होत्या, पोराकडं दप्तरही नव्हतं. साडेअकराला तो चौथीत बसला होता.

माझी चूक झाली ती याआधीच, भाषण संपता संपता. मी थांबणार एवढ्यात मागून एका आईनं विचारलं, "बाई, पोरींच्या नळाला पाणी येत नाही, त्याचं काय?" प्रश्न खरा होता, शुक्रवारी मीही ते पाहिलं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी बोलून गेले, "शनिवारपर्यंत नळ सुरू होतील." हे भाषणात लिहिलेलं नव्हतं, तिघांच्या कानांनी तपासलेलं नव्हतं. दोन हजार रुपयांचं काम, त्यात काय एवढं, असं मला वाटलं.

पट १०१ ते २५० असलेल्या शाळेला 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून वर्षाला पन्नास हजार संयुक्त शाळा अनुदान असतं. मागच्या वर्षातले काही पैसे खात्यात शिल्लक होते. पण ते खातं समितीचं. अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्या सहीनं पैसे निघतात आणि सचिव म्हणजे मुख्याध्यापक. माझी सही बदलून घ्यायची तर आधी समितीची सभा, सभेचा ठराव, मग ठरावाची प्रत, नियुक्तीचा आदेश, आधार, पॅन आणि फोटो घेऊन बँकेत. सभा २० जूनला झाली. बँकेत कागद दिले, त्यांनी एक प्रत साक्षांकित करून मागितली. सही ४ जुलैला लागू झाली. हजर झाल्याच्या दिवशीच सभेची नोटीस काढली असती तर आठवडा वाचला असता. तुम्ही ती काढाच.

२१ जूनला शनिवारी योग दिन झाला. चटया गोळा करताना पाचवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, आज शनिवार." एवढंच म्हणून उभी राहिली. मला काय उत्तर द्यावं कळेना.

सोमवारच्या परिपाठात मी पुन्हा उभी राहिले, या वेळी माईकशिवाय. मुलांना सांगितलं, मी शनिवार म्हणाले होते, ते झालं नाही. पैसे बँकेत आहेत, ते काढायला दोन माणसांच्या सह्या लागतात आणि माझी सही बँकेत अजून पोचलेली नाही. ती पोचली की दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलवीन. तोवर रोज सकाळी पोरींच्या बाजूला दोन घागरी भरून ठेवलेल्या असतील. सहावीतल्या मुलानं विचारलं, "सही कशी पोचते?" मग पाच मिनिटं बँकेतल्या सहीबद्दलच बोलणं झालं, आणि सातवीच्या मुलांनी आपापली सही वहीवर करून दाखवली.

प्लंबर चार तारखेच्या दुसऱ्या दिवशी आला नाही, तो ९ जुलैला आला. दोन नळ, एक वॉल्व्ह, मजुरी धरून १,८५०. दुपारच्या सुट्टीत पाणी सुटलं. पाचवीतली ती मुलगी नळाखाली हात धरून उभी होती. मला बघून तिनं नळ बंद केला, पुन्हा चालू केला आणि म्हणाली, "बाई, आज बुधवार."